दूध कधी, गोळी कधी

“गोळी गरम पडते, पेलाभर दुधाबरोबर घे.” हा सल्ला बहुतेक मराठी घरांत कोणी ना कोणी दिलेला असतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळते. डॉक्सिसायक्लीनची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर छातीत आग होते. दुधाने पोटाला बरे वाटते, म्हणून ही सवय टिकून आहे. वैद्यही काही औषधांना अनुपान म्हणून दूध सांगतात, त्याचा संस्कार वेगळाच. अडचण अशी, की दुधातले कॅल्शियम काही मोजक्या औषधांना रक्तात पोहोचूच देत नाही. गोळी गिळली, बिल भरले, पथ्य पाळले, पण औषधाचा बराचसा भाग शौचावाटे निघून गेला, असे होऊ शकते.

सगळ्या औषधांचे असे होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम, मेट्रोनिडाझोल ही नेहमी लिहून दिली जाणारी अँटिबायोटिक्स दुधामुळे फारशी बिघडत नाहीत. पॅरासिटामॉललाही दुधाशी काही वाकडे नाही. खरी काळजी तीन ठिकाणी घ्यायची: टेट्रासायक्लीन आणि फ्लोरोक्विनोलोन या दोन कुळांतली अँटिबायोटिक्स, लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी. या तिन्हींवर कॅल्शियमचा परिणाम वेगवेगळ्या तऱ्हेने होतो, म्हणून अंतरही वेगवेगळे ठेवावे लागते. “दोन तास पुढेमागे ठेवा” असे सरसकट सांगून भागत नाही ते यामुळेच.

आधी दुधाचा हिशेब. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हशीच्या दुधात त्याच्या दीडपट किंवा थोडे अधिक. म्हणजे २०० मिलिलिटरचा पेला घेतला तर गाईच्या दुधातून सुमारे २४० आणि म्हशीच्या दुधातून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जाते. दुधात त्यातले बरेचसे केसिन या प्रथिनाला आणि फॉस्फेटला चिकटलेले असते. जठरातल्या आम्लात ते सुटे होते, आणि औषधाशी गाठ पडते ती या सुट्या कॅल्शियमची. दही आणि ताक आंबट झाले तरी त्यांतले कॅल्शियम कुठे जात नाही, त्यामुळे “दूध नको तर ताक चालेल” ही सूट इथे नाही. साजूक तुपात मात्र कॅल्शियम जवळजवळ नसतेच. चहात घातलेल्या दोन-तीन चमचे दुधातून जेमतेम चाळीस-पन्नास मिलिग्रॅम येते. चहाचा उपद्रव दुधापेक्षा त्याच्या स्वतःच्या तुरट द्रव्यांमुळे अधिक होतो, ते पुढे येईलच.

सगळ्यांत सरळ गोष्ट अँटिबायोटिक्सची. टेट्रासायक्लीनच्या रेणूवर ऑक्सिजनचे काही अणू असे शेजारी शेजारी बसलेले असतात, की खेकड्याने नांगीत काही पकडावे तसा तो रेणू कॅल्शियमला दोन्हीकडून धरतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन यांच्या रेणूतही अशीच एक जागा असते. एकदा ही पकड बसली की तयार झालेला जोड आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जाऊ शकत नाही. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना टेट्रासायक्लीन देत नाहीत त्यामागेही हीच पकड आहे. तयार होत असलेल्या दातांतल्या कॅल्शियमला हे औषध धरून बसते आणि दात कायमचे पिवळट-तपकिरी होतात.

ही पकड सगळ्यांची सारखी घट्ट नसते. जुने टेट्रासायक्लीन दुधाबरोबर घेतले तर निम्म्याहून अधिक वाया जाते. डॉक्सिसायक्लीनचे नुकसान त्यामानाने कमी, साधारण पाचवा हिस्सा. नॉरफ्लॉक्सासिनचे जवळपास निम्मे जाते, तर सिप्रोफ्लॉक्सासिनचे दूध किंवा दह्यासोबत सुमारे एक तृतीयांश. त्याच कुळातल्या मॉक्सिफ्लॉक्सासिनला दुधाने फारसा फरक पडत नाही. एक तृतीयांश ऐकायला थोडे वाटते, पण अँटिबायोटिकचा डोस ठरतो तो जंतूंना मारायला रक्तात किती पातळी लागते यावर. पातळी कमी पडली तर कमकुवत जंतू मरतात, चिवट तेवढे मागे राहतात.

अंतर किती ठेवायचे, याचे उत्तर इथे थोडे विचित्र वाटेल असे आहे. कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध, लोह किंवा झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिन गोळी यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यावे, असे त्याच्या माहितीपत्रकात असते. आधी दोन आणि नंतर सहा, असे का? सिप्रोफ्लॉक्सासिन गिळल्यावर एक-दोन तासांत बहुतेक शोषले जाते, त्यामुळे ते आधी घेतले असेल तर मागून कॅल्शियम आले तरी पकडायला फारसे औषध उरलेले नसते. उलट कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीचे औषध आधी घेतले, तर ते आतड्यात कित्येक तास रेंगाळते आणि मागून येणाऱ्या औषधाला गाठते. पेलाभर दूध किंवा वाटीभर दही याला सहा तासांचा इतका कडक नियम लागत नाही. नुसत्या दुधा-दह्याबरोबर गोळी घेऊ नये आणि दोन तासांचे अंतर ठेवावे, एवढे पुरते. पूर्ण जेवणात भाजी-भाकरीसोबत थोडे दही आले तर सिप्रोफ्लॉक्सासिनचे विशेष बिघडत नाही.

व्यवहारात पाहू. सासरेबुवांना लघवीचा संसर्ग झाला आहे आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दिवसातून दोनदा, पाच दिवस घ्यायचे आहे. गोळी सकाळी सात आणि संध्याकाळी सातला पाण्याबरोबर घ्यावी. सकाळचे दूध नऊनंतर. दुपारच्या जेवणात दही-ताक खुशाल घ्यावे, कारण सातची गोळी केव्हाच शोषली गेली आहे आणि पुढची संध्याकाळी आहे. रात्रीचे दूध नऊनंतर. कॅल्शियमची रोजची गोळी त्या पाच दिवसांत दुपारी बाराला ठेवली तर सकाळच्या गोळीपासून पाच तास आणि संध्याकाळच्या गोळीपर्यंत सात तास मिळतात. माझ्या मते या काळात खरी भीती दुधाची कमी आणि अ‍ॅसिडिटीच्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधाची जास्त आहे. त्यातले अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा कितीतरी घट्ट पकडतात. अँटिबायोटिकने पोट जळते म्हणून लोक नेमके तेच औषध वरून पितात.

मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लीन बरेच दिले जाते. ते दुधाऐवजी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. छातीतली जळजळ टाळण्याचा खरा उपाय तोच. आणखी एक बारकावा. शोषले गेलेले डॉक्सिसायक्लीन काही प्रमाणात पुन्हा आतड्यात उतरते आणि तिथे लोह असेल तर त्याला चिकटून बाहेर जाते. म्हणून लोहाच्या गोळीपासून नुसते अंतर ठेवून पूर्ण सुटका होत नाही. तेवढे दिवस लोह थांबवावे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

लोहाची कथा निराळी. इथे कॅल्शियम लोहाला धरून बसते असे नाही. लोहाला आतड्याच्या पेशीत नेणारे एक वाहक प्रथिन असते आणि कॅल्शियमच्या गर्दीत त्या प्रथिनाचे काम तात्पुरते मंदावते. मांसातले लोह वेगळ्या मार्गाने शिरते, तरी त्याचे शोषणही कॅल्शियममुळे घटते. त्यामुळे अडथळा पेशीच्या आतही कुठेतरी असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे, पण त्यावर अजून एकमत नाही. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या लीफ हॉलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या पावाबरोबर कॅल्शियम देऊन मोजले, तेव्हा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियमने त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून कमी झाले. दूध आणि चीजमधल्या कॅल्शियमचाही असाच परिणाम दिसला.

मग दूध पिणाऱ्या सगळ्यांना रक्तक्षय व्हायला हवा. तसे होत नाही. शरीरातले लोह कमी झाले की आतडे आपणहून जास्त लोह ओढू लागते, आणि महिनोन् महिने कॅल्शियम घेणाऱ्यांच्या लोहसाठ्यात फारशी घट दिसत नाही, असे दीर्घकाळच्या पाहण्यांत आढळले आहे. त्यामुळे दूध सोडा असा सल्ला यातून निघत नाही. पण जिचे हिमोग्लोबिन ८ वर आले आहे आणि बाळंतपण तीन महिन्यांवर आहे, तिला आतडे हळूहळू जुळवून घेईल म्हणून थांबायला वेळ नसतो. तिच्या बाबतीत प्रत्येक गोळीतले शक्य तेवढे लोह आत गेले पाहिजे.

सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ती दिवसातून दोनदा घ्यायची असते. या दोन्ही एकत्र घेऊ नयेत, असे सरकारी मार्गदर्शक सूचनेतच आहे. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यावे, लोह जेवणानंतर दोन तासांनी. प्रत्यक्षात दोन्ही पाकिटे एकाच डब्यात राहतात आणि एकाच वेळी तोंडात जातात. लोह लिंबूपाण्याबरोबर घेतले तर शोषण वाढते. चहा मात्र एक-दोन तास लांब ठेवायचा, कारण त्यातली तुरट द्रव्ये लोहाला धरतात. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर पोळीचा तुकडा, केळे किंवा साधा भात खाऊन गोळी घ्यावी. शोषण थोडे घटेल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते बरे. नाचणीची आंबील मात्र यासाठी घेऊ नये. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि शिवाय लोहाला अडवणारी फायटेट्सही असतात. लहान मुलांचे लोहाचे औषध दुधाच्या बाटलीत मिसळून देण्याची पद्धत आहे, तीही याच कारणाने सोडावी.

लोह अंगी लागते आहे की नाही, हे कसे कळेल? शौचाचा रंग काळसर होणे म्हणजे गोळी पोटात जाते आहे एवढेच. ती शोषली जाते याचा तो पुरावा नव्हे, उलट न शोषलेल्या लोहानेच तो रंग येतो. खरी खूण हिमोग्लोबिनची. गोळ्या नियमित घेऊन महिन्याभरात ते निदान १ ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही, तर गोळी कशाबरोबर घेतली जाते हा प्रश्न आधी विचारावा, गोळी बदलण्याचा नंतर.

आता थायरॉइडची गोळी. मला ही तिन्हींत सर्वांत नाजूक वाटते, आणि कारण साधे गणिताचे आहे. लिव्होथायरॉक्सिनचा रोजचा डोस ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम असा असतो. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. म्हशीच्या दुधाच्या एका पेल्यात याच्या तीन हजार पटीहून जास्त वजनाचे कॅल्शियम असते. जठरातल्या आम्लात हे संप्रेरक कॅल्शियमच्या कणांना चिकटून राहते. उपाशीपोटी घेतले तरी त्यातले सत्तर-ऐंशी टक्केच शोषले जाते, त्यामुळे आणखी घट झाली तर हिशेब बिघडतो.

२००० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात थायरॉइडची गोळी घेणाऱ्या २० जणांना तीन महिने त्या गोळीबरोबरच १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले गेले. सर्वांची सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ वर गेली आणि पाचांपैकी एकाची टीएसएच सामान्य मर्यादेबाहेर गेली. कॅल्शियम थांबवल्यावर ती पुन्हा खाली आली. नुसत्या दुधाचा परिणाम याहून सौम्य आहे. निरोगी माणसांना मोठ्या ग्लासभर दुधाबरोबर गोळी दिल्यावर शोषण सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आहे. लोहाची गोळीही थायरॉक्सिनला अडवते, आणि तेही लक्षात येण्याइतपत. म्हणून कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचे औषध यांच्यापासून ४ तास. चहा, कॉफी, दूध, नाश्ता यांच्यापासून निदान अर्धा तास, एक तास ठेवता आला तर उत्तम. पेलाभर दूध आणखी उशिरा घेतले तर अधिक निर्धास्त राहता येते.

इथे एक मेख आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. थायरॉइडचा डोस रक्ततपासणी करून ठरतो, म्हणजे तुमच्या सवयीसकट ठरतो. कोणी पाच वर्षे गोळी चहाबरोबर घेत असेल आणि त्याची टीएसएच ठीक असेल, तर डॉक्टरांनी नकळत वाया जाणारा भाग धरूनच डोस दिलेला आहे. आज हा लेख वाचून त्याने गोळी पाण्याबरोबर सुरू केली तर औषध जास्त पडू लागेल. छाती धडधडेल, घाम येईल, झोप उडेल. उतारवयात हृदयाचा ठोका अनियमित होण्याचा धोकाही असतो. तेव्हा सवय बदलायची तर डॉक्टरांना सांगून बदलावी आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करावी. त्याआधी केलेली तपासणी फसवते, कारण थायरॉक्सिनची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि नवा समतोल जमायला काही आठवडे जातात. उलट बाजूनेही हेच घडते. टीएसएच वाढलेली दिसली की डोस वाढतो, पण मधल्या काळात कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत हे कोणी विचारत नाही. पुढे कॅल्शियम बंद होते आणि वाढवलेला डोस तसाच राहतो.

हे सगळे एकाच बाईच्या वाट्याला आले तर? समजा, सहाव्या महिन्यातली गरोदर स्त्री. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी, आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी, कॅल्शियमच्या दोन गोळ्या, आणि सासूबाईंनी मायेने दिलेले रात्रीचे केशरी दूध. आतापर्यंत ती सकाळी आठला तिन्ही गोळ्या दुधाबरोबर उरकत होती. विसरायला नको, हे तिचे कारण, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण त्या एका पेल्यात कॅल्शियम लोहाला अडवत होते आणि दोघे मिळून थायरॉक्सिनला.

तिचा दिवस असा लावता येतो. सकाळी सहाला उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, फक्त पाण्याबरोबर. साडेसातला पोहे किंवा उपमा आणि चहा. सहापासून चार तास दहाला भरतात आणि नाश्त्याला दोन तास साडेनऊला होतात, म्हणून लोहाची गोळी साडेदहाला, लिंबूपाण्याबरोबर. दुपारी एकला जेवण आणि जेवताना कॅल्शियमची पहिली गोळी, लोहापासून अडीच तास झालेले. रात्री साडेआठला जेवण आणि दुसरी गोळी. केशरी दूध जेवणानंतर साडेनऊला घेतले तरी काही बिघडत नाही, कारण पुढची थायरॉइडची गोळी पहाटे सहाला आहे. दह्याची वाटी दुपारी, लोहानंतर दोन तास झालेले असतातच. दोन्ही कॅल्शियम एकदम घेऊन एक वेळ वाचवू नये. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या पुढे शरीर कमी कमी टक्केवारीने शोषते.

ती शेतावर किंवा कंपनीत जाणारी असेल तर साडेदहाची गोळी हुकणार. मग लोह रात्री झोपताना घ्यावे, जेवण आठला उरकून साडेदहाला. तसे केले तर रात्रीच्या जेवणातले कॅल्शियम संध्याकाळच्या पाचच्या खाण्यात न्यायचे आणि केशरी दूधही तेव्हाच. झोपेत मळमळही कमी जाणवते, हा वरचा फायदा. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरजच वाढते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या काळात साधारण चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात. वेळा बदलल्या हे डॉक्टरांना सांगितले नाही तर आकडे कशामुळे हलले ते त्यांनाही कळणार नाही. टेट्रासायक्लीन आणि फ्लोरोक्विनोलोन तिला सहसा दिलीच जात नाहीत. सासऱ्यांच्या पाकिटातली उरलेली गोळी म्हणून तर मुळीच घेऊ नये.

चुकून एखादा दिवस सगळे एकत्र गेले तर काय करायचे? लोहाचे काही करायचे नाही, उद्यापासून वेळा पाळायच्या. थायरॉइडचेही तेच. आठवड्याभराचा साठा रक्तात असतो, त्यामुळे एका दिवसाने फरक पडत नाही. अँटिबायोटिकची गोळी मात्र भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नये, पुढची ठरल्या वेळी पाण्याबरोबर घ्यावी. आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा लघवीची जळजळ कमी झाली नाही, तर डॉक्टरांकडे जाताना गोळ्या कितीला आणि कशाबरोबर घेतल्या हे एका कागदावर लिहून न्यावे. औषध बदलायचे की वेळ, हे त्यांना त्यावरून ठरवता येते.